बायोडाटातला रंग आणि मेडिकलमधली ट्यूब

लग्नाच्या बायोडाटात माझा रंग आधी ‘गव्हाळ’ होता. मग आत्याने तो खोडून ‘गोरा’ लिहायला लावला, आणि त्यात खोटं काही नव्हतं, कारण तेव्हा मी खरोखरच गोरी दिसत होते. ज्या ट्यूबने ही किमया केली तिच्यात काय होतं, ती सोडताना चेहऱ्याचं काय झालं आणि घरात काय काय झालं, ते लिहून ठेवतेय. माझ्या ओळखीतच ही ट्यूब लावणाऱ्या इतक्या जणी आहेत की हे वाचणारीच्या कपाटातही ती असू शकते.

मी सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. स्कूटीवरून ये-जा, सकाळी डबा, संध्याकाळी भाकऱ्या, असा दिवस. फेअरनेस क्रीम घरात कॉलेजपासून होतीच. फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० साली ग्लो अँड लव्हली झालं तेव्हाही आमच्या कपाटातली तिची जागा बदलली नाही. पण त्या क्रीमने कोणाला काही फरक पडत नाही हे सगळ्यांनाच माहीत असतं, आणि खरी गडबड तिथेच सुरू होते. स्थळं बघायला लागल्यावर पार्लरवाल्या ताईने मला हळूच सांगितलं, “ते बाजारातलं सोड. ही मेडिकलमध्ये मिळते, डॉक्टर लोकच देतात.” चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघितली, ट्यूब काढली, शंभर-सव्वाशे रुपये घेतले. कोणाची चिठ्ठी, कशासाठी, काही विचारलं नाही. डॉक्टर देतात ते औषध, आणि औषध म्हणजे चांगलंच, हा हिशोब मला आणि आईला दोघींनाही पटला.

आठ-दहा दिवसांत फरक दिसला. अंदाजाने नव्हे, खरंच. कारखान्यातल्या बायका विचारायला लागल्या, “काय करलालीस गं, भलतीच उजळलीस!” मला आजवर इतकं निरखून कोणी बघितलंच नव्हतं. घरात कधी कोणी जबरदस्ती केली नाही, हे मुद्दाम सांगते. कौतुक पुरेसं होतं. आत्याने त्याच महिन्यात माझा स्टुडिओत फोटो काढवला आणि बायोडाटात रंगाची दुरुस्ती करवली.

त्याच सुमारास जिम. आमच्या भागातल्या जिममध्ये लग्न ठरलेल्या आणि ठरायच्या असलेल्या मुलींसाठी तीन महिन्यांचं पॅकेज होतं. पहिल्या दिवशी वजन, कंबर, दंड मोजून घेतात, समोरून आणि बाजूने फोटो काढतात आणि तीन महिन्यांनी तसेच दुसरे फोटो. व्यायामाला माझा विरोध नाही, पाठदुखी खरंच कमी झाली. पण तिथे कोणी कधी विचारलं नाही की जिना चढताना धाप लागते का. विचारलं ते ब्लाउजच्या मापाबद्दल. ट्रेडमिलवर दहा मिनिटं झाली की माझे गाल लालबुंद व्हायचे आणि त्यांची आग व्हायची. ट्रेनर म्हणायची, “बघ, ग्लो यायलाय!” चुलीजवळ, म्हणजे गॅसवर भाकरी भाजतानाही तसंच व्हायचं. दुपारी स्कूटीवरून जाताना स्कार्फ बांधूनही चेहरा पोळायचा. सोलापूरचं ऊन, असं म्हणून सगळ्यांनी ते उन्हावर ढकललं. गालांवर बारीक पुरळ आलं तेव्हा ते पोटातल्या उष्णतेवर गेलं. कानशिलापासून हनुवटीपर्यंत मऊ लव वाढली तेव्हा पार्लरवाल्या ताईने थ्रेडिंगचे वेगळे पैसे लावले.

मग लातूरला एका लग्नाला गेलो आणि ट्यूब घरी राहिली. दुसऱ्या दिवशी चेहरा असा पेटला की लग्नात मी आतल्या खोलीतच बसून राहिले. पाणी बदललं, म्हणाले. घरी परत येऊन रात्री ट्यूब लावली, पुन्हा दुसऱ्या रात्री लावली, आणि चेहरा शांत. आई म्हणाली, “बघ, तुला हीच सूट होते.” आम्ही सगळ्यांनी यातून काढलेला निष्कर्ष बरोबर उलटा होता. लावल्यावर शमतं आणि थांबवल्यावर भडकतं, हीच तर त्या औषधाची सवय कातडीला लागल्याची खूण. पण ती खूण औषधाचा गुण म्हणून वाचली जाते, त्यामुळे बाई ट्यूबला दोष द्यायच्या ऐवजी अजून एक विकत आणते.

सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत मी गेले ती पुरळासाठी. केसपेपर काढला, रांगेत बसले. डॉक्टर मॅडमनी चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “कोणती क्रीम लावताय?” मी म्हटलं, साधीच. त्या म्हणाल्या, “ट्यूब आणलीय?” पर्समध्ये होतीच. दुसरा प्रश्न मला अजून आठवतो: “ही किती दिवसांत संपते?” सगळ्या चेहऱ्याला बोटाच्या पहिल्या पेरावर मावेल तेवढं, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम मलम धरलं, तर पंधरा ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरायला हवी. माझी सुरुवातीला महिनाभर पुरायची, अलीकडे पंधरवड्यात संपत होती. बाई किती लावते हे ती सांगत नाही, तिला ते कळलेलंही नसतं. ट्यूबच्या हिशोबावरून कळतं. मग त्यांनी हातातलं दिवा असलेलं भिंग माझ्या डाव्या गालावर टेकवलं आणि मोबाइलवर फोटो काढून दाखवला. कातडीखाली लाल दोऱ्यांचा गुंता झाला होता. एरवी आरशात मला ते नुसतं गुलाबी दिसायचं, आणि मला ते आवडायचं.

त्यांनी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. तीन औषधं. हायड्रोक्विनोन दोन टक्के, ते कातडीत रंग तयार होणंच अडवतं. ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, ते वरचा थर लवकर सोलतं. आणि मोमेटासोन ०.१ टक्का, म्हणजे स्टिरॉइड. पहिल्या आठ-दहा दिवसांतला तो चमत्कार मुख्यतः तिसऱ्याचा. स्टिरॉइडने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी दिसतं, म्हणून चेहरा फिका पडतो. तो गोरेपणा नव्हताच. अशा तिहेरी मिश्रणाची कल्पना १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी मांडली. त्यांच्या मिश्रणात स्टिरॉइड वेगळं होतं, प्रमाणं वेगळी होती. हे औषध आहे वांगासाठी, तेही काही आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली. निरोगी सावळ्या गालासाठी ते नाही.

“हातावर लावलं असतं तर एवढं झालं नसतं,” मॅडम म्हणाल्या. चेहऱ्याची कातडी स्टिरॉइड फार ओढून घेते. जुन्या मोजमापात हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत कपाळावर सहापट आणि जबड्याच्या कोपऱ्यावर तेरापट शोषण आढळलं होतं. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, आकसलेल्या वाहिन्या सैल पडून कायमच्या फुगतात, लव वाढते, मुरुमं येतात, ऊन आणि आच सोसवत नाही. माझ्या चेहऱ्यावर हे सगळं हजर होतं आणि प्रत्येकासाठी घरात वेगळं कारण शोधलेलं होतं. भारतातल्या बारा केंद्रांत केलेली एक पाहणी २०११ साली छापून आली होती. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. २०१८ साली सरकारने १४ स्टिरॉइडांची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. माझ्या ट्यूबवर ते छापलेलं होतं. काउंटरवर ते कोणी वाचत नाही, ना देणारा, ना घेणारी.

उपचार ऐकायला सोपे होते. तिहेरी ट्यूब त्या दिवसापासून बंद. काही डॉक्टर एकदम सगळंच थांबवतात. माझी सवय जुनी होती म्हणून मॅडमनी सगळ्यात सौम्य स्टिरॉइड, हायड्रोकॉर्टिसोन एक टक्का, आधी रोज रात्री, मग दिवसाआड, मग बंद, असं उतरत्या क्रमाने दिलं. सोबत टॅक्रोलिमस मलम, जे स्टिरॉइड नाही पण दाह कमी करतं. ते लावल्यावर पहिले काही दिवस चुरचुरतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवून गार लावायचं. पुरळासाठी डॉक्सीसायक्लीनची कॅप्सूल, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, आणि गिळल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर घशाखाली जळतं. वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. आग झाली की साध्या गार पाण्याची पट्टी. काही दिवस जिम नको, किमान घाम गाळणारा भाग नको. लिंबू, बेसन, मुलतानी माती, हळद, काहीही नको. आणि मग त्या म्हणाल्या, “आता नीट ऐका. पुढचे दोन-तीन आठवडे चेहरा आजच्यापेक्षा वाईट दिसेल. औषध चुकलं असं वाटेल. घरचे तुम्हाला जुनीच ट्यूब लावायला सांगतील. बहुतेक जणी तिथेच परत फिरतात.”

गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती, थंडी होती, हे माझं नशीब. एप्रिलमध्ये सोलापुरात हे करणं मला जमलं नसतं. पहिले चार दिवस विशेष काही नाही. मग आग सुरू झाली. सकाळी डोळ्यांखाली सूज, दुपारपर्यंत गाल लाल, संध्याकाळी कातडीचे पापुद्रे. पंख्याचा वारा चेहऱ्यावर आला तरी झोंबायचा. भाकऱ्या आईने परत स्वतःकडे घेतल्या. कारखान्यात मी मास्क लावून बसायचे, तर मास्कच्या आतल्या उष्ण श्वासाने जास्तच व्हायचं. शेवटी मास्क काढला आणि ज्यांनी “भलतीच उजळलीस” म्हटलं होतं त्यांना सगळ्यांना तो चेहरा दाखवला. प्रत्येकीकडे एक उपाय होता. दोघींकडे तीच ट्यूब होती, वेगळ्या कंपनीची.

घरात माझा भाऊही जिमवाला. आईने ‘स्टिरॉइड’ ऐकलं आणि सरळ त्याचा पावडरचा डबा उचलून गॅलरीत ठेवला. स्नायू फुगवायला घेतात ते स्टिरॉइड वेगळं, कातडीला लावतात ते वेगळं, आणि डब्यातली प्रोटीन पावडर या दोन्हींत नाही, हे तिला समजवायला एक संध्याकाळ गेली. पण त्या संध्याकाळी भावानेही कबूल केलं की त्यांच्या ट्रेनरने त्याला इंजेक्शनबद्दल विचारून बघितलं होतं. त्याच्याही बायोडाटाच्या फोटोत बाह्या वर सरकवलेल्या आहेत. फरक एवढाच की त्याला नकार आला तर तो पगारावरून येतो.

याच दिवसांत बार्शीचं स्थळ आलं. त्यांच्याकडे माझा स्टुडिओतला फोटो होता आणि ‘रंग : गोरा’ असलेला बायोडाटा. इथे मला पहिल्यांदा कळलं की आपण कशात अडकलोय. ट्यूब सोडली म्हणजे चेहरा बरा होणार, आणि चेहरा बरा होणार म्हणजे गव्हाळ होणार. म्हणजे बरी झालेली मी बायोडाटाच्या हिशोबाने फसवणूक ठरणार. कागदावरचा रंग टिकवायला ट्यूब चालू ठेवावी लागत होती. आत्याचं म्हणणं तर अगदी व्यवहारी होतं: “पाहुणे येईपर्यंत चार दिवस लाव, मग सोड की. कोण अडवलंय?” तिने नवी ट्यूब आणून देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवलीही. तिला माझं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. तिच्या वेळी तिला रंगावरून तीन ठिकाणहून परत पाठवलं होतं, ती ते अजून गावांच्या नावांसकट सांगते.

मॅडमना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, चार दिवसांत चेहरा शांत होईल, छान दिसेल, आणि मग पहिल्यापासून सगळं पुन्हा. बाबा पेपर वाचत राहिले. निर्णय आईने केला. “येऊ देत. आहे तशी बघू देत.” तिने तरी मला पिवळी साडी नेसू दिली नाही, पिवळ्यात लाल उठून दिसतं म्हणाली.

पाहुणे आले. पोहे, चहा, शेंगाचटणीच्या पुड्या बांधून देणं, सगळं झालं. मुलाच्या आईने मला खिडकीकडच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. “फोटोत वेगळी दिसते,” त्या आईला म्हणाल्या. आईने सांगितलं, एका क्रीमचा त्रास झालाय, सिव्हिलचे उपचार चालू आहेत. त्यांनी विचारलं, “बरी झाल्यावर परत फोटोसारखी होईल ना?” आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “नाही. फोटो आजारातला आहे.” मुलगा हसला, त्याची आई हसली नाही. चार दिवसांनी मध्यस्थांचा निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनीच आधी जुळवून घेतली होती.

मार्च लागेपर्यंत आग ओसरली. हायड्रोकॉर्टिसोन सुटलं. मुरुमं पावसाळ्यापर्यंत गेली, लव हळूहळू विरळ झाली. रंग परत आला तो एकसारखा आला नाही. आधी कपाळ, मग गाल, मध्ये काही काळ ठिपके ठिपके, आणि त्या काळात लोक जास्तच बघत. डाव्या गालावर दोन-तीन लाल रेघा राहिल्यात. त्या मलमाने जात नाहीत, लेझरने जाऊ शकतात, पण मी अजून तो खर्च केलेला नाही. उन्हात चेहरा अजूनही इतरांपेक्षा लवकर तापतो. बायोडाटातून मी रंगाची ओळच काढून टाकली. वधू-वर मंडळाच्या फॉर्ममध्ये तो रकाना मी कोरा सोडला होता. तिथल्या काकांनी माझ्याकडे एकदा बघून स्वतःच ‘सावळा’ लिहिलं.

मागच्या आठवड्यात मामेबहिणीने तिच्या ट्यूबचा फोटो पाठवला, बघ ही चालेल का म्हणून. कुठल्याही ट्यूबमागे मोमेटासोन, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन किंवा क्लोबेटासोल यातलं काही असेल तर ते स्टिरॉइड. तिच्यात क्लोबेटासोल होतं, जे माझ्या मोमेटासोनपेक्षा कितीतरी कडक. मी तिला सांगितलं की मनाने एकदम तोडू नकोस, ट्यूब घेऊन त्वचारोगवाल्यांकडे जा, ते उतरत्या क्रमाने सोडवतील, आणि मधले काही आठवडे कसे जातील तेही सांगितलं. तिने लगेच उत्तर पाठवलं: “लग्न झालं की सोडते.” तिचं लग्न माघात आहे. म्हणजे ती सोडेल तेव्हा सासरी नवी असेल, आणि चेहरा पेटेल तो हळदीनंतरच्या पहिल्या महिन्यात, तिला फोटोतल्या रंगाने पसंत केलेल्या माणसांसमोर. हे मी तिला लिहिलंय. मेसेज वाचलेला दिसतोय, उत्तर नाही. उद्या तिच्या आईला फोन करणार आहे.